पहिल्यांदा हॉटेलचा जीएम म्हणून हाउसकीपिंग आणि किचनच्या लोकांसाठी टोस्ट देतोयस ना, मग हे आधी बघ

अरे, भाषण लिहायच्या आधी हाउसकीपिंगचं लॉगबुक आणि किचनचा ड्युटी रोस्टर मागवून घे. "पडद्यामागचे हिरो" वगैरे बोललास की मागच्या टेबलावरचे लोक मोबाईल काढतात, मी पाहिलंय. त्यापेक्षा एकच दिवस उचल. मी एकदा सर्व्हिस लिफ्ट बंद पडली त्या दिवसाबद्दल बोललो, हाउस फुल होतं, एकेका रूम अटेंडंटकडे पंधरा-सोळा रूम आणि लिनन सगळं जिन्याने वर नेलं, तरी चेक-इनला रूम तयार होत्या, आणि त्या मजल्यांवरच्या चौघींची नावं घेतली तेव्हा हॉल एकदम शांत झाला. नावांचे उच्चार सुपरवायझरकडून आधी ऐकून घे, चुकीचं नाव फार लागतं रे त्यांना.

आणि किचनची खरी गोची अशी की टोस्टच्या रात्रीचं जेवण तेच बनवत असतात! म्हणून टोस्ट सुरुवातीला ठेवू नको, मेन कोर्स गेला की शेफला विचारून सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर बोलव, भांडी धुणाऱ्या स्टुअर्डिंगच्या पोरांना पण, ते नेहमी राहून जातात. त्यांच्या हातात ग्लास आधी पोचू दे, सरबताचा चालेल, मगच तुझा उचल. दोन मिनिटांच्या वर जाऊ नको, आत डेझर्ट थांबलेलं असतं.