साडीच्या कोडात विणकर नको

स्टॉकमधल्या प्रत्येक साडीला कोड देतोयस तर त्यात तीनच गोष्टी ठेव बघ, प्रकार, डिझाईन नंबर आणि रंग नंबर.

```
SD-0142-07
```

शहापूरचा विणकर सोडून वडगावचा धरलास तरी साडी तीच तर कोड तोच, विणकराला वेगळा कॉलम कर. पोत बदलला तरच नवा डिझाईन नंबर. गोडाऊनचंही कोडात नको, खानापूरचा माल निपाणीला हलवला की एकाच साडीचे दोन कोड होतात आणि एकीकडं गठ्ठे पडून असताना दुसरीकडं नवी ऑर्डर जाते. रंगाला अक्षरं देऊ नको, BL म्हणजे ब्लॅक की ब्लू यावर पोरं गोंधळतात (आणि पार्सल परत येतं), त्यापेक्षा यादी कर, नवा रंग आला की पुढचा नंबर. बंद झालेला कोड दुसऱ्या साडीला द्यायचा नाही, जुनी बिलं त्याच्यावरच असतात. बारकोडचं नंतर बघू.