‘आईनं वाचून सही केली’: बेभरवशाच्या निवेदकाचं मराठी

प्रश्न: पुण्यातल्या एका वाड्यावर वीस मिनिटांचा लघुपट लिहितोय. थोरला भाऊ वाडा विकल्याची हकिगत नागपूरच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगतो. ती खरी नाही हे प्रेक्षकाला चित्रावरून कळायला हवं, पण मी लिहिलेलं निवेदन पहिल्या मिनिटातच खोटं वाटतं. ‘अनरिलायबल नॅरेटर’ला मराठीत काय म्हणावं, आणि त्याच्या तोंडी कसली भाषा घालावी?

उत्तर: शब्दाचं आधी उरकून घेऊ. वेन बूथ यांनी १९६१ साली ही संज्ञा रूढ केली. मराठी समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ असं लिहितात, पण बोलण्यात ‘अविश्वसनीय’ म्हणजे ‘थक्क करणारं’, त्यामुळे वाचणारा क्षणभर अडखळतो. मी ‘बेभरवशाचा निवेदक’ म्हणतो. संहितेत तुम्ही नुसतं ‘दादाचा आवाज’ लिहा, तेवढं पुरतं.

दादा पहिल्या मिनिटात पकडला जातो, कारण तो सफाई देतोय. ‘लोक म्हणतात मी आईला फसवलं, पण तसं काही नाही’ हे वाक्य ऐकलं की प्रेक्षक उलट तपासणीलाच बसतो. मुरलेला खोटं बोलणारा नाकारत नाही, तो कर्ता गाळतो. आणि मराठीइतकी सोय त्याला फार थोड्या भाषा देतात. ‘गेलो’, ‘बसलो’ म्हटलं की ‘मी’ न उच्चारताही क्रियापदाच्या शेपटीला चिकटून येतो. पण ‘वाडा विकला’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद वाड्याप्रमाणे चालतं. विकणारा दादा होता, आई होती की दोघं मिळून, याचा मागमूस वाक्यात राहत नाही. याच्या पुढची पायरी ‘वाडा विकावा लागला’, म्हणजे करणारा नाही आणि वर नाइलाजही. त्याच्याही पुढे ‘वाडा गेला’, जसा पाऊस गेला. ‘मी वाडा विकला’पासून ‘वाडा गेला’पर्यंतचे हे टप्पे एका कागदावर लिहून काढा आणि दादा कुठल्या प्रसंगात कुठल्या टप्प्यावर बोलतो ते ठरवून ठेवा. माझ्या मते त्यानं ‘गेला’पासून सुरुवात करावी आणि फोन लांबेल तसं एकेक पायरी खाली यावं.

तुमच्या कथेत ऐकणारी बहीण आहे, हे फार बरं झालं. ऐकणारं माणूस ठरलेलं नसलं की निवेदन हवेत जातं आणि खोटं बोलण्याचं कारणही उरत नाही. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तुमच्या हाती येतो. ‘आम्ही ठरवलं’ यात बहीण नाही. ‘अगं, आपण ठरवलंच होतं ना’ म्हटलं की ती नागपुरात बसल्याबसल्या व्यवहारात सामील झाली. हा बदल एकदाच करा. दर दोन वाक्यांनी ‘आपण’ आलं तर ते व्याख्यान वाटेल.

आता चित्राकडे. निवेदनातला प्रत्येक शब्द कॅमेऱ्याला खोडता येत नाही. ‘आईला मनापासून पटलं’ याच्या विरुद्ध साक्ष देणारं चित्र नाही, कारण मन दिसत नाही. खोटं अशा शब्दात ठेवा ज्याची साक्ष एखादी वस्तू किंवा हालचाल देऊ शकेल. दादाचं वाक्य असं करा: ‘आईनं नीट वाचून सही केली.’ सही झालीच आहे, ती खरी आहे. खोटं आहे ते ‘वाचून’मध्ये. ‘-ऊन’वालं रूप वाक्यात दुय्यम जागी बसतं, ऐकणाऱ्याचं लक्ष ‘केली’कडे असतं आणि ‘वाचून’ गृहीत धरलं जातं. बहीणही विचारील ती सही केली का, हेच. वाचली का, हे तिच्या डोक्यात येणार नाही.

याची साक्ष चष्मा देईल. पण तीन जागी पाय घसरतो, म्हणून हा प्रसंग बारकाईनं लावू.

पहिली जागा म्हणजे चुकीचा पुरावा. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांना सुचतं की दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दादा आईचा अंगठा धरून यंत्रावर टेकवतो. दिसायला जोरदार आहे, पण पुण्यातला प्रेक्षक खरेदीखताला कधी ना कधी जाऊन आलेला असतो. तिथे अंगठा सगळ्यांचाच घेतात, फोटोही सगळ्यांचाच काढतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोट नीट टेकवायला शेजारचा मदत करतोच. ते चित्र त्याला रोजचं वाटेल. पुरावा असा हवा, ज्याचा दुसरा साधा अर्थ निघत नाही.

दुसरी जागा: नसणं दिसत नाही. आईच्या डोळ्यांवर चष्मा नाही, एवढं दाखवलंत तर निम्म्या लोकांच्या ते ध्यानातच येणार नाही आणि उरलेल्यांना वाटेल की वेशभूषेवाले चष्मा विसरले. बेभरवशाच्या निवेदनाचा हा नेहमीचा अपघात आहे: पहिली विसंगती कंटिन्युइटीची चूक म्हणून खपून जाते. त्यावर उपाय दुहेरी. कार्यालयाच्या दोन-तीन मिनिटं आधी, घरात, आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडताना दिसू द्या. चौकटीतला आकडा दिसत नाही म्हणून ती चष्मा शोधते, घालते, मग लिहिते. या शॉटवर दादाचा आवाज अजिबात नको. मग कार्यालयात कागद समोर आल्यावर तिचा हात पिशवीत जातो, चाचपडतो, रिकामा बाहेर येतो. नाकावर चष्म्याचे दोन वळ जवळून दिसतात. पात्रालाच उणीव जाणवली की ती दिग्दर्शकाची चूक राहत नाही.

तिसरी जागा वेळेची. एकच चित्र शब्दाच्या आधी, शब्दाबरोबर किंवा शब्दानंतर आलं तर परिणाम तीन तऱ्हेचा होतो. ‘वाचून’ हा शब्द आणि रिकामा हात बरोबर आले तर लोक हसतील. ते विनोदाचं गणित आहे. दादानं चष्मा स्वतःच्या खिशात टाकलेला आधीच दाखवलात तर प्रेक्षक त्याच्यापुढे जाऊन बसतो आणि पुढचं सगळं निवेदन उपरोधानं ऐकतो. तुमच्या कथेला संशय हवा आहे, म्हणून चित्र मागून आणा. लांबचा शॉट: टेबल, आई बसलेली, दादा तिच्या खुर्चीमागे उभा. त्यावर ‘आईनं नीट वाचून सही केली’, जेमतेम तीन सेकंद. मग आवाज थांबतो. चार-पाच सेकंद फक्त पंखा आणि कागदांची सळसळ. त्यानंतर जवळून: पानोपानी दादाचं बोट सहीची जागा दाखवतंय आणि आई त्या बोटाच्या टोकाशी पेन टेकवतेय. पिशवीतला हात याच्या आधी, वळ याच्या नंतर. जिन्यावरून उतरताना दादा शर्टाच्या खिशातून चष्मा काढून तिला देतो. तेव्हा कुणी काही बोलायचं नाही. इथे ‘अगं, हा माझ्याकडेच राहिला होता’ असं एक वाक्य घालायचा मोह होईल. घालू नका, त्यानं दादाला पळवाट मिळते.

या सगळ्याला एक अट आहे: चित्र सिनेमाचं असलं पाहिजे, दादाच्या आठवणीचं नव्हे. पडदा धूसर करून, रंग पिवळट करून कार्यालय दाखवलंत तर प्रेक्षक ते दादाच्या डोक्यातलं समजेल, आणि तिथे चष्मा नसला तर कोड्यात पडेल. वर्तमानातल्या दृश्यांसारखीच भिंग आणि प्रकाश ठेवा, आणि प्रसंग दादा आत येण्याआधी सुरू करा. दादानं जे पाहिलंच नाही ते पडद्यावर दिसलं, म्हणजे सांगणारा दुसरा कुणीतरी आहे हे न सांगता कळतं. चित्रानंच खोटं बोलायचं हाही प्रकार होऊन गेला आहे. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये (१९५०) सुरुवातीचा फ्लॅशबॅकच खोटा आहे, प्रेक्षकांना ते रुचलं नाही आणि पुढे त्यानं स्वतःही ती चूक मानली. तो वेगळा खेळ आहे. शब्द आणि चित्र यांत फट दाखवायची तर एक बाजू पक्की लागते.

दुसरी फट ‘म्हणे’मध्ये ठेवा. मराठीत ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ लागतं, आणि लावलं की आपण तिथे नव्हतो हे आपोआप सांगितलं जातं. दादा म्हणतो, ‘आई त्या रात्री म्हणे खूप रडली.’ पडद्यावर आई माजघरात रडतेय आणि उंबऱ्यात दादा उभा आहे, हातात पाण्याचा तांब्या. इथे तो घटनेबद्दल खोटं बोलत नाही, फक्त आपल्या हजेरीबद्दल बोलतो. ‘वाचून’च्या प्रसंगापेक्षाही ही जागा मला आवडते, कारण दोन अक्षरं काढली की वाक्य खरं होतं. पण ही ओळखू यायला ‘म्हणे’ आधी एकदा सरळ वापरलेलं हवं: ‘खालचे भाडेकरू म्हणे आधीच गेले,’ आणि चित्रात खरोखरच दादा नसताना सामान हलतंय. दोन्ही खोटी एकाच दिशेला झुकतात हेही पाहा, दोन्हींत दादा जबाबदारीतून बाहेर पडतोय. तिसरं खोटं भलत्या दिशेचं आलं, उदाहरणार्थ त्यानं वाड्याची किंमत उगीच फुगवून सांगितली, तर तो नुसता बढाईखोर वाटेल आणि आधीची दोन्ही वाया जातील.

कच्चं संकलन झालं की तपासणी सोपी आहे. एका माणसाला चित्र बंद करून फक्त आवाज ऐकवा. त्याला दादा भला, थकलेला मुलगा वाटला पाहिजे. दुसऱ्याला आवाज बंद करून चित्र दाखवा. त्याला एका बाईकडून न वाचता सह्या घेतल्याची गोष्ट कळली पाहिजे. पहिल्याला संशय आला तर लेखन बिघडलंय, दुसऱ्याला काहीच कळलं नाही तर चित्रं अपुरी आहेत. तिसरी शक्यता ध्वनिमुद्रणाची: नट ‘वाचून’वर जोर देतो. त्याला त्या शब्दातलं गुपित ठाऊक असतं, म्हणून देतो. जोर ‘सही’वर द्यायला सांगा.

आणि महोत्सवांना पाठवणार असाल तर सबटायटल स्वतः तपासा. इंग्रजीला कर्ता लागतो, त्यामुळे ‘वाडा विकावा लागला’ला भाषांतरकार हमखास ‘आय’ जोडून देतो, आणि दादानं सतरा मिनिटं लपवलेला ‘मी’ दुसऱ्याच मिनिटाला पडद्याखाली छापून येतो. त्याला लेखी सांगा की वाडा हाच कर्ता ठेवायचा आणि ‘आय’ फक्त शेवटच्या ‘विकला मी’ला येईल. ‘म्हणे’चं भाषांतर गाळायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा, जागा कमी पडली की पहिला तोच शब्द जातो.