सीनियर स्ट्रक्चरल कन्सल्टंटला मेंटॉर व्हायला कसं विचारायचं?

प्रश्न: सिव्हिल करून दोन वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे. एका सेमिनारला भेटलेल्या सीनियर सरांना मेंटॉर व्हाल का असं विचारायचंय, मेसेज कसा लिहू?

मी स्वतः कन्सल्टंट आहे, असे मेसेज मला येतात, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. "सर, तुमच्याकडून खूप शिकायचंय, गाइड करा" याला कोणी नाही म्हणत नाही, "हो हो, कधीही फोन कर" म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही, कारण नेमकं काय मागितलंय आणि किती वेळ जाणार हेच कळत नाही.

आधी विषय. "सिस्मिक डिझाइन शिकायचंय" असं लिहू नका, ते सगळं फोनवर कोण शिकवणार? एका बैठकीत संपेल एवढा तुकडा काढा आणि तोही असा की कोड वाचून सुटत नाही. उदाहरणार्थ, आयएस १३९२० (२०१६) म्हणतं की कॉलमची कुठलीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी नको, आणि आर्किटेक्टला तो २३० च्या भिंतीत लपवून हवा असतो. आकडा तुम्हाला पाठ आहेच, पण प्लॅन फायनल व्हायच्या आधी आर्किटेक्टशी हे कधी आणि कसं बोलायचं, कुठे शिअर वॉल सुचवायची, हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्यालाच माहीत असतं. विषय असाच शोधा.

मी असा मेसेज लिहीन:

"नमस्कार सर, सेमिनारनंतर चहाच्या वेळी कॉलम साइजबद्दल विचारलं होतं तो मी. दोन वर्षं सात ते बारा मजली आरसीसी रेसिडेन्शियल बिल्डिंगची डिझाइन करतोय. तीन विषयांवर तुमचं मार्गदर्शन हवंय. एक, ३०० मिमी कॉलम आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये कसा बसवून घ्यायचा. दोन, आयएस १८९३ (२०१६) प्रमाणे कॉलमचा इनर्शिया ७० टक्के आणि बीमचा ३५ टक्के धरला की ड्रिफ्ट वाढतो, तो मर्यादेबाहेर गेला तर आधी कशाला हात लावायचा. तीन, ईटॅब्सचा रिझल्ट हाताने कसा पडताळायचा.

जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा ४५ मिनिटं, दर वेळी एकच विषय. शनिवारी संध्याकाळी ऑफिसला येईन किंवा तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा फोन करेन. दोन दिवस आधी एका पानावर प्रश्न आणि मी हाताने केलेलं कॅल्क्युलेशन पाठवेन. चालू प्रोजेक्टचं ड्रॉइंग पाठवणार नाही आणि कुठलंही डिझाइन चेक करायला सांगणार नाही. तीन महिने जमणार नसतील तर पहिल्या विषयावर एकदा बोललात तरी मला खूप उपयोग होईल."

यातलं ड्रॉइंगचं वाक्य काढू नका. आमच्या धंद्यात जो सही करतो त्याच्यावर जबाबदारी असते, आणि दुसऱ्याच्या साइटबद्दल फोनवर "चालेल रे" म्हटलेलं उद्या "अमुक सरांनी ओके केलंय" म्हणून फिरतं, ही भीती प्रत्येक सीनियरला असते. शिवाय ते ड्रॉइंग तुमच्या बॉसचं आणि क्लायंटचं आहे, आणि हे सर बहुतेक त्याच गावात त्याच कामासाठी कोटेशन देत असणार. त्यामुळे उदाहरण बनवून न्या: चार बाय तीन बे, दहा मजले, मजल्याची उंची ३ मीटर, मग ड्रिफ्टची मर्यादा ०.००४ पट म्हणजे १२ मिमी आली, आणि तुमच्या मॉडेलमध्ये समजा १५ येतोय. एवढं कागदावर असलं की सर पाचव्या मिनिटाला मुद्द्यावर येतात.

विषय मोठा झालाय का हे ओळखायचं तर त्यावर स्वतः एका पानात प्रश्न लिहून बघा. पान पुरलं नाही तर तुकडा अजून लहान करा, आणि दोन ओळींतच संपलं तर तो प्रश्न बहुतेक कोडमध्येच सापडेल, त्यासाठी सरांचा वेळ नको.

शेवटची तारीख का लिहायची असंही मला विचारतात. लिहिली नाही तर समोरच्याला वाटतं की हे आता कायमचं गळ्यात पडलं, आणि तारीख असली की हो म्हणणं सोपं जातं. सप्टेंबरनंतर त्यांनाच चालू ठेवावंसं वाटलं तर ते सांगतील, तुम्ही आधीच वर्षभराचं मागू नका.

मेसेज ईमेलने पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट तर अजिबात नको, साइटवर असताना कोण ऐकणार. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, तीही एकदाच. तरीही काही आलं नाही तर दुसऱ्या कोणाला विचारा, पण हाच मेसेज नाव बदलून पुढे ढकलू नका. ज्यांचं काम पुलांचं आहे त्यांना २३० च्या भिंतीबद्दल विचारून काय मिळणार, त्यांच्यासाठी विषय नव्याने काढावे लागतील.