दहा विजय, पण गुण किती? कबड्डीच्या तक्त्यावरून प्रोजेक्ट

*सर, मी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र विषय आहे. गाव खानापूर तालुक्यात. आमच्या भागातल्या साखळी कबड्डी स्पर्धेचं गुणपत्रक मी लिहितो. आमच्या संघाने 14 पैकी 10 सामने जिंकले, गुण 476 केले, 448 दिले. दुसऱ्या नंबरचा संघ 8 जिंकला, पण त्यांनी 490 केले आणि 434 दिले. पायथागोरियन सूत्रात 2 चा घात घालून बघितलं तर सगळे संघ जवळजवळ सारखेच येतात. यावर प्रोजेक्ट होईल का? पुढे खेळाच्या आकडेवारीत काम मिळेल का? बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे.*

प्रोजेक्ट नक्की होईल, आणि त्याचा विषय तुझ्या तक्रारीतच आहे. 2 हा घात बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी वापरला. तिथे एका सामन्यात एका संघाच्या चार-पाच धावा होतात. पुढे बेसबॉलसाठीच 1.83 जास्त चांगला बसतो असं दिसलं, आणि बास्केटबॉलसाठी डॅरिल मोरी यांनी 13.91 काढला. सूत्र तेच राहतं, घात मात्र प्रत्येक खेळाचा वेगळा:

```
W = F^k / (F^k + A^k)
```

F म्हणजे केलेले गुण, A म्हणजे दिलेले, W म्हणजे विजयाचा अपेक्षित वाटा. k लहान घेतला की सगळे संघ निम्म्याकडे ओढले जातात. तुझ्या संघाला 2 ने 0.53 मिळतात, दुसऱ्याला 0.56. तेच 13.91 घेतलास तर 0.70 आणि 0.84 येतील. घात चुकला आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. वरचे सगळे संघ ‘नशीबवान’ आणि खालचे सगळे ‘कमनशिबी’ दिसले तर k कमी पडतो आहे. उलट दिसलं तर तो जास्त झाला आहे.

मग कबड्डीचा k कुठून आणायचा? आधी ढोबळ अंदाज काढ. प्रत्येक सामन्यातला गुणांचा फरक घे, त्याचा वर्ग कर, सगळ्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घे. मग एका संघाच्या सरासरी गुणांना 1.6 ने गुणून या आकड्याने भाग. तुझ्या दोन्ही संघांच्या आकड्यांवरून सरासरी 33 येते. फरकाचा आकडा समजा 10.5 निघाला, तर k साधारण 5 येतो. बास्केटबॉलवर ताडून बघ: सरासरी 100 आणि फरक सुमारे 12 धरला तर 13.3 येतात, म्हणजे मोरींच्या आकड्याच्या जवळच. संघांच्या ताकदीत फार तफावत असेल तर हा अंदाज थोडा कमी निघतो, म्हणून त्यावर थांबू नकोस.

पक्का k काढायला तुझी एक स्पर्धा पुरणार नाही. प्रो कबड्डीच्या आठव्या ते अकराव्या हंगामात 12 संघ होते आणि साखळीत प्रत्येकाचे 22 सामने झाले. हे निकाल सहज मिळतात. एका हंगामाच्या तक्त्यात केलेले गुण B मध्ये, दिलेले C मध्ये, प्रत्यक्ष विजयाचा वाटा D मध्ये लिही. बरोबरीचा सामना अर्धा विजय धर. k हा H1 मध्ये ठेव आणि E2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढ:

```
=B2^$H$1/(B2^$H$1+C2^$H$1)
```

एका रिकाम्या खान्यात चुकीची बेरीज काढ:

```
=SUMXMY2(D2:D13,E2:E13)
```

आता H1 मधला आकडा 2 पासून 10 पर्यंत 0.1 ने वाढवत जा आणि बेरीज सर्वांत कमी कुठे होते ते बघ. चारही हंगामांचा k वेगवेगळा काढ. ते एकमेकांच्या जवळ आले तर आकड्यावर भरवसा ठेवता येईल. फार फाकले तर तेही प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिही. एक गोष्ट लक्षात ठेव, बाद फेरीच्या स्पर्धांचे आकडे यात मिसळू नकोस. आपल्या भागातल्या बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. त्यात एका सामन्यात बाहेर पडलेला संघ आणि पाच सामने खेळलेला संघ एकाच तक्त्यात येतात, आणि दोघांचे प्रतिस्पर्धीही सारख्या ताकदीचे नसतात.

k = 5 धरून तुमचा संघ बघू. 476 भागिले 448 म्हणजे 1.0625, त्याचा पाचवा घात 1.354, आणि वाटा 0.575. चौदा सामन्यांत 8 विजय अपेक्षित, मिळाले 10. दुसऱ्या संघाचा वाटा 0.647, म्हणजे 9 अपेक्षित, मिळाले 8. इथे लगेच ‘तेच खरे वरचढ’ असं लिहायचा मोह होतो. तो आवर, कारण इतक्या थोड्या सामन्यांत एक-दोन विजयांचा फरक सहज पडतो. आणि त्याआधी त्या संघाचे चौदाही सामने एकेक करून वाच.

समजा त्यात एक सामना 55–20 असा निघाला. तो वगळला की उरलेल्या तेरा सामन्यांत 435 केले, 414 दिले, आणि वाटा 0.56 वर उतरतो. तेरा सामन्यांतून 7.3 विजय आणि तो एक धरून 8.3. त्यांना मिळालेत 8. म्हणजे जे कमनशीब वाटत होतं ते एका एकतर्फी सामन्याचं ओझं होतं. कबड्डीत हे फार होतं, कारण लोण पडला की दोन जादा गुण मिळतात आणि कमकुवत संघावर एकामागोमाग लोण चढतात. हे गुण बेरजेत इतर गुणांइतकेच मोजले जातात, पण निकाल आधीच लागलेला असतो.

उलट बाजूही तपास. आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत रिकाम्या चढाया करून वेळ काढतो. तिथे फरक वाढत नाही, कधी कमीही होतो. तुमचे विजय तीन-चार गुणांचे असतील तर त्यातलं नशीब किती आणि शेवटी खेळ हातात ठेवण्याची सवय किती, हे सूत्र सांगत नाही. गुणपत्रकात शेवटच्या पाच मिनिटांआधीचा गुणफलक वेगळा लिहायला सुरुवात कर. चढायांचा तपशील नसेल तरी एवढा एक रकाना प्रोजेक्टचं वजन वाढवेल.

आता कामाचं. कबड्डी संघांकडे विश्लेषकाच्या जागा मोजक्याच असतात आणि काम हंगामापुरतं असतं, त्यामुळे बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. बँकेच्या परीक्षेची तयारी चालू ठेव. पदवीनंतर एम.एस्सी. संख्याशास्त्रासाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे विभाग आहेत, आणि दोन्ही तुला जवळ पडतात. प्रवेशाची आणि आरक्षणाची अट राज्य बदललं की बदलते, ती आधी विचारून घे.

मुलाखतीत सूत्र पाठ आहे का हे कुणी विचारणार नाही. ‘हे खरं कशावरून?’ असं विचारतील. त्यासाठी एक चाचणी करून ठेव. प्रत्येक संघाचे पहिले 11 सामने घे. त्यावरून उरलेल्या 11 सामन्यांतल्या विजयांचा अंदाज दोन प्रकारे कर: एकदा नुसत्या विजयांच्या वाट्यावरून, एकदा गुणांच्या सूत्रावरून. दुसऱ्या अंदाजाची चूक चारही हंगामांत मिळून कमी आली तर सूत्र कबड्डीत चालतं. आली नाही तर एकतर्फी सामन्यांत फरकाला 15 गुणांची मर्यादा घालून पुन्हा कर: जिंकणाऱ्याचे गुण हरणाऱ्याच्या गुणांपेक्षा जास्तीत जास्त 15 ने जास्त धर. असं केल्यावर k मात्र नव्याने काढावा लागेल, जुना तसाच ठेवलास तर तुलना चुकेल.