सरांकडे कंपनीतली ओळख मागताना

प्रश्न: "टीईला आहे, ईएक्सटीसी. आमच्या एका सरांच्या कंपन्यांमधे बऱ्याच ओळखी आहेत म्हणे. समर इंटर्नशिपसाठी कोणाशी तरी ओळख करून द्या असं डायरेक्ट विचारलं तर वाईट दिसेल का? आणि विचारायचं कसं?"

वाईट अजिबात दिसत नाही, फक्त "सर कुठेतरी चिकटवून द्या ना" असं म्हणू नकोस. मी महापेला एका छोट्या कंपनीत फर्मवेअरचं काम करतो आणि माझे कॉलेजचे सर दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एखाददुसऱ्या पोराचा मेल मला फॉरवर्ड करतात, त्यामुळे हा प्रकार मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

बघ, तू नुसतं विचारलंस तर सरांच्या डोक्यावर काय काम पडतं? कोणाला सांगायचं ते आठवायचं, मग हा मुलगा कोण, याला काय येतं, कधी मोकळा आहे, हे सगळं स्वतः बसून लिहायचं. टर्मवर्क, सबमिशन, पेपर तपासणी यात कोण लिहिणार? म्हणून मग "सीव्ही पाठवून ठेव, बघू" येतं आणि तो सीव्ही तिथेच झोपतो. सरांचं मन नसतं असं नाही, वेळ नसतो. तेव्हा ते लिहिण्याचं काम तू कर. असा मेल पाठव की सरांनी वर दोन ओळी टाकायच्या आणि फॉरवर्ड दाबायचं, बस.

पण त्याआधी कोणाकडे जायचं ते तू शोध. सरांच्या ओळखी म्हणजे बहुतेक त्यांचे जुने बीई प्रोजेक्टचे विद्यार्थी, नाहीतर इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तिथली माणसं. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून बघ, तुझ्या विषयात काम करणारे दोन-तीन सापडतील. मग प्रॅक्टिकल संपल्यावर सर केबिनमधे असतील तेव्हा जाऊन विचार, "सर, अमुक मॅडम तुमच्या विद्यार्थिनी होत्या ना, त्यांच्या टीममधे इंटर्न घेतात का?" याला उत्तर देणं सोपं असतं. नंबर मात्र मागू नकोस. "आधी त्यांना विचारा, चालेल म्हणाल्या तरच मला सांगा" असं म्हण, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक राहते आणि सरांनाही ओशाळं व्हावं लागत नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे डोंबिवलीच्या एका मुलाचा मेल आला तो सांगतो. सात-आठ ओळींचा होता. पहिल्या ओळीत टीई ईएक्सटीसी, परीक्षा संपल्यावर जूनपासून सहा आठवडे मोकळा, रोज महापेला येऊ शकतो. मग एकच काम लिहिलं होतं, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या लेथवर सेन्सर लावून कंपनं मोजली, सुरुवातीला रीडिंग मधेच गाळली जायची कारण एसडी कार्डवर लिहायला कधीकधी जास्त वेळ लागायचा, मग दोन बफर ठेवून ते सोडवलं. शेवटी, बोर्ड टेस्टिंग किंवा फर्मवेअर काहीही चालेल, पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का. वर सरांच्या दोन ओळी: याला मी दोन सेम शिकवलंय, वायवाला न आलेलं न आलं म्हणून सांगतो. मी त्याच संध्याकाळी फोन केला, कारण ते बफरचं वाक्य स्वतः हात काळे केल्याशिवाय कोणी लिहीत नाही. बाकी मेलमधे "हार्डवर्किंग" आणि "पॅशनेट" एवढंच असतं, त्यावर मी काय विचारणार?

आता माझा गाढवपणा. माझ्या वेळेला एका मॅडमनी मला अशीच ओळख करून दिली होती, मधेच दुसरीकडे जमलं म्हणून मी त्या माणसाला चार दिवस उत्तरच दिलं नाही आणि मॅडमनाही कळवलं नाही. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बॅचच्या पोरांनी त्याच कंपनीचं विचारलं तर "तिथे आता नको" म्हणाल्या. तेव्हा ओळख झाली की त्याच दिवशी उत्तर दे, आणि काय झालं ते सरांना दोन ओळीत सांग, नाही जमलं तरी.

दहा दिवस झाले तरी सरांकडून काही आलं नाही तर एकदा आठवण कर, त्याच मेलवर रिप्लाय करून, म्हणजे त्यांना जुना मेल शोधायला नको. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर ते नाही समज आणि दुसऱ्या कोणाला विचार. कॉलेजचं एनओसी लागतं का ते टीपीओला आत्ताच विचारून ठेव, मेमधे सही करणारे सुट्टीवर असतात.

आणि फाइलला स्वतःचं नाव दे रे बाबा. माझ्याकडे `Resume_final_2.pdf` नावाच्या तीन फाइली पडल्यात, कुठली कोणाची देव जाणे.