‘स्टायपेंड कितीही चालेल’ हे वाक्य पत्रातून काढलं तेव्हा

“सर, एलएल.बी. झालं, सनदही मिळाली. ज्युनिअर म्हणून ठेवून घ्या, असं नऊ वकीलसाहेबांना लिहिलं. सगळ्या प्रकारच्या कामात रस आहे आणि स्टायपेंड कितीही चालेल, नसला तरी चालेल, असंही लिहिलं. दोघं ‘बघू’ म्हणाले, बाकीच्यांचं उत्तरच नाही. आता अजून काय कमी करू?”

काहीच कमी करू नकोस. तुझ्या पत्रातून साहेबांना काही समजत नाही, अडचण तिथे आहे. मी काही वर्षं वकिली केली आणि नंतर कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाकडे वळलो. त्यामुळे अशी पत्रं मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाचली आहेत. गेल्या वर्षी गडहिंग्लज भागातली एक मुलगी अगदी हाच प्रश्न घेऊन आली होती. तिचं काय झालं ते सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिच्या पत्रात दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, ग्राहक, सायबर, कंपनी कायदा अशी सगळी यादी होती. मी तिला विचारलं, “कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात तू इंटर्नशिप केलीस. घरी गेल्यावरही डोक्यात राहिलं असं एखादं काम आठवतं?” तिने जराही वेळ घेतला नाही. वाटपाच्या एका दाव्यात पंधरा-वीस फेरफारांच्या नकला होत्या आणि त्या तारखेनुसार लावायचं काम तिच्याकडे आलं होतं. ते करताना कुणाचं नाव कधी आलं आणि कधी गेलं, हे तिला दिसायला लागलं. ते सांगताना तिचा आवाज बदलला. आवड लिहायची ती अशी, कामाच्या नावाने. ‘दिवाणी कायद्यात रस’ या शब्दांवरून साहेबांना काही कळत नाही. ‘सातबारा-फेरफारांची जंत्री करते’ म्हटलं की उद्या सकाळी हातात काय द्यायचं ते त्यांना कळतं.

पुढचा प्रश्न कुणाकडे अर्ज करायचा हा होता. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. तेव्हापासून बहुतेक मुलांना सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या जुन्या इमारतीतच काम हवं असतं. तिलाही तेच हवं होतं. पण तिथलं काम मुख्यतः अपिलं आणि रिट याचिकांचं असतं. दुसऱ्या अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय हात घालतं. कागद वाचणं, मुद्दे काढणं, मसुदा बांधणं यात ज्याला गोडी आहे त्याच्यासाठी ती जागा उत्तम आहे. तिला मात्र दावा पहिल्या कागदापासून उभा राहताना पाहायचा होता. दाव्याचा मजकूर, तूर्त मनाईचा अर्ज, समोरच्याची कैफियत, मुद्दे, साक्षी हे सगळं जिल्हा आणि तालुका न्यायालयातच दिसतं. म्हणून आम्ही यादी पुन्हा केली. तीन आठवडे तिने दिवाणी न्यायालयांचे रोजच्या कामांचे बोर्ड पाहिले, जमिनीच्या दाव्यांत कोणत्या वकिलांची नावं पुन्हा पुन्हा येतात ते टिपलं आणि यादीत चारच नावं ठेवली.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. आपण कुठल्याही अनुभवी वकिलाला ‘सिनियर’ म्हणतो. पण उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने ज्यांना ज्येष्ठ वकील म्हणून पद दिलं आहे, ते स्वतः वकालतनामा दाखल करत नाहीत आणि पक्षकाराचं काम थेट घेत नाहीत. त्यांना दुसरे वकील काम देतात. अशा चेंबरमध्ये ‘मला दावे तयार करायला शिकायचंय’ असं लिहिलं तर समोरच्याचं काम कसं चालतं हेच माहीत नाही, असं दिसतं. तिथे संदर्भ काढणं, टिपण करणं अशा कामाबद्दल लिहावं.

आता स्टायपेंड. ‘नसला तरी चालेल’ वाचून साहेबांना आनंद होत नाही, त्यांना शंका येते. ही मुलगी राहणार कशावर? तीन महिन्यांत बँकेच्या परीक्षेला बसून निघून गेली तर शिकवलेलं वाया जाणार. ज्युनिअर असताना मी स्वतः असंच ‘काहीही चालेल’ म्हटलं होतं. आठ महिन्यांनी खोलीचं भाडं थकलं. साहेबांकडे तोंड उघडायचा धीर होईना, म्हणून न सांगता जाणं बंद केलं. कैफियतीची मुदत माझ्या डायरीत होती, त्यांच्या नव्हती. ते अजूनही मनाला लागून आहे.

म्हणून मी तिला हिशेब मांडायला लावलं. तिघींत घेतलेल्या खोलीचे तिच्या वाट्याला अडीच हजार, मेसचे तीन हजार, केएमटी आणि फोन मिळून एक हजार, बँड, कागद आणि किरकोळचे पाचशे. एकूण सात हजार. घरून तीन हजार येणार होते. राहिले चार. तिचा खरा आकडा हाच होता, आणि ‘कितीही चालेल’पेक्षा तो मागणं सोपं होतं.

तिने विचारलं, “बार कौन्सिलने वीस हजार सांगितलेत ना?” ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, हे खरं आहे. पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. पहिल्या पत्रात तो आकडा घालू नये असं माझं मत आहे. मनात मात्र जरूर असावा, कारण फुकट राबवून घेणं ही रीत नाही हे त्यावरून कळतं.

शेवटी पत्र असं झालं:

“साहेब, मी यंदा एलएल.बी. पूर्ण केलं. सनद मिळाली आहे, क्रमांक खाली दिला आहे. बार परीक्षा पुढच्या खेपेला देणार आहे. मला जमिनीच्या दिवाणी दाव्यांत काम शिकायचं आहे, विशेषतः वाटप आणि मनाईच्या. आपली अशी कामं बोर्डावर पाहिली आहेत. नकला काढणं, फेरफारांची जंत्री करणं आणि म्हणण्याचा पहिला मसुदा ही कामं इंटर्नशिपमध्ये केली आहेत. इतर कामंही करेन, पण पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त वेळ दिवाणीला मिळावा अशी विनंती आहे. घरून येणारे पैसे सोडून कोल्हापुरात राहायला मला महिना चार हजार लागतात. पहिले सहा महिने तेवढे मिळाले तर भागेल, पुढचं काम पाहून आपण ठरवावं. रोज न्यायालयात आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत ऑफिसात थांबू शकते. दोन वर्षं एकाच ठिकाणी काम करायचं ठरवलं आहे. या आठवड्यात कोणत्या संध्याकाळी दहा मिनिटं भेटता येईल?”

बार परीक्षेचा उल्लेख मुद्दाम ठेवला. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती पास व्हावी लागते, नाहीतर वकिली थांबते. त्यामुळे साहेब ते विचारणारच असतात.

पत्रासोबत इंटर्नशिपमधल्या खऱ्या दाव्याची प्रत नमुना म्हणून जोडायचा तिचा विचार होता. मी तिला थांबवलं. पक्षकाराचे कागद त्याच्या परवानगीशिवाय दाखवणारी ज्युनिअर कुणीही ठेवत नाही. त्याऐवजी तिने स्वतःच्या घरच्या जमिनीची एक पानी जंत्री केली. सात फेरफार, प्रत्येकाची तारीख आणि कारण, आणि 1987 च्या वारस नोंदीत आत्याचं नाव नाही अशी समासात टीप.

चारांपैकी एका साहेबांनी संध्याकाळी बोलावलं. त्यांनी जंत्री उघडली, बोट त्या टिपेवर ठेवलं आणि विचारलं, “फेरफारात नाव नाही म्हणजे आत्याचा हिस्सा गेला का?” ती म्हणाली, “नाही साहेब. फेरफार महसुलाच्या कामासाठी असतो. त्यावरून मालकी ठरत नाही.” मग त्यांनी वेळांचं विचारलं, घरचं विचारलं आणि म्हणाले, “तीन हजार देतो. तालुक्याला गेलात तर एसटीचं भाडं आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा.”

हा वेगळा खर्च कोण करणार, हे विचारायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. झेरॉक्स, तिकिटं, नकलेची फी ज्युनिअरच्या खिशातून गेली की तीन हजारांचे दोन कधी झाले ते कळत नाही. इथे साहेबांनी स्वतःच सांगितलं. एरवी ते पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं. स्वतःच्या ओळखीतून आलेलं काम घेता येईल का, हेही विचारावं. ‘माझ्याकडे आहात तोवर स्वतःचं एकही काम घ्यायचं नाही आणि पैसेही मिळणार नाहीत’ असं जिथे सांगतात, तिथून मी माझ्या विद्यार्थ्यांना परत आणतो.

हजाराचा फरक होता. आदल्या रात्री आम्ही त्याचाही विचार करून ठेवला होता. सनद घेतल्यावर दुसरीकडे पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अनेक मुलं इथेच चुकतात, दुकानात किंवा कंपनीत गुपचूप लागतात आणि सनद धोक्यात घालतात. मात्र कायद्याच्या परीक्षांसाठी विद्यार्थ्यांना शिकवायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देतात. ती म्हणाली, “साहेब, तीन हजारांत माझं भागत नाही. शनिवारी संध्याकाळी ऑफिसऐवजी मला एलएल.बी.च्या मुलांची शिकवणी घेऊ द्याल का? रविवारी काही निघालं तर मी येईन.” लवचिकता म्हणतात ती हीच. साहेब थोडं थांबले, मग म्हणाले, “शनिवारी घ्या. पण सोमवारच्या बोर्डाच्या फायली शुक्रवारीच लावून जायचं.”

सहा महिन्यांनी पुन्हा बोलायची तारीख तिने तिथेच विचारली. साहेबांनी ती स्वतःच्या डायरीत लिहून घेतली. त्या दिवशी बोलणं झालं आणि रक्कम पाच हजार झाली. मागच्या महिन्यात तूर्त मनाईच्या एका अर्जावर समोरच्या बाजूने मुदत मागितली, तेव्हा साहेब दुसऱ्या न्यायालयात होते. हरकत तिने घेतली.

तुझं पत्र मला पाठव. त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिही. इंटर्नशिपमधलं कोणतं काम घरी गेल्यावरही डोक्यात राहिलं, आणि घरून येणारे पैसे वजा करून महिन्याला तुला नेमके किती लागतात.