तिळाचे मऊ लाडू: पाक कुठे थांबवायचा?

तिळाचे लाडू दरवर्षी दगड होतात, मऊ कसे राहतील?

पाक पुढे जातोय तुमचा. चिक्कीचा गूळ नको, साधा घ्या, दोन वाट्या भाजलेल्या तिळाला दीड वाटी, चमचाभर तूप, मंद गॅस. फेस आला की दर अर्ध्या मिनिटाला वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघा, बोटांनी मऊ गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली की लगेच गॅस बंद. थेंब पाण्यात विरघळला तर अजून थोडं थांबा, पण टणकन वाजला तर ती चिक्कीच समजा. आमच्याकडे रत्नागिरीत भाजलेलं सुकं खोबरं आणि दाण्याचं कूटपण घालतात, त्याने लाडू खुसखुशीत होतो. आणि हो, इथल्या दमट हवेत उघडे ठेवले तर चिकट होतात, गार झाले की डब्यात भरा.